‘गाडी वेळेवर ना?’ला काय उत्तर द्यायचं

सोमवार, ३ तारीख

ही वही बस-आगाराची आहे. रांगेत चार रकाने छापलेत: गाडी, फलाट, वेळ, शेरा. निरोपाच्या दिवशी कपाटात कोऱ्या पडल्या होत्या, त्यातल्या दोन मी उचलून आणल्या. तीस वर्षं ज्या आगारात माइकपुढे बसून गाड्या पुकारल्या, त्याने दोन वह्या दिल्या तर काही बिघडत नाही.

मला घरी बसवलं ते माझ्याच आवाजाने. मागच्या वर्षी साहेबांनी तीन दिवस बसवून माझ्याकडून सगळी वाक्यं बोलून घेतली, यंत्रात भरली आणि चौथ्या दिवशी म्हणाले, आता तुम्ही आराम करा. अजूनही आगारावरून गेलं की मी ऐकू येतो.

आजपासून भाचीच्या जनावरांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर मी. येणाऱ्याला बसवायचं, वहीत नाव घ्यायचं, नंबर आला की आत पाठवायचं. आधीची मुलगी लग्न होऊन गेली. भाची स्पष्टवक्ती आहे, तिच्या आईवर, माझ्या बहिणीवर गेलीय. म्हणाली, “मामा, महिनाभर बघू. समोरच्या गल्लीत नवा दवाखाना निघालाय, माझी माणसं तिकडे चाललीत. जमलं तर ठेवीन. नाही जमलं तर मामा म्हणून ठेवणार नाही.” मी म्हटलं, बोलण्याचीच तर भाकरी खाल्ली आहे जन्मभर.

एक वाक्य तयार करून पुठ्ठ्यावर लिहून टेबलाला चिकटवलं: नमस्कार. आपले सहर्ष स्वागत आहे. कृपया आसनस्थ व्हावे. दिवसभरात एकोणीस वेळा म्हटलं, एकदाही अडखळलो नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायकोचं शिलाई मशीन चालू होतं. ती कापडावरून मान वर न करता म्हणाली, “आलात? कसा गेला पहिला दिवस? कुणी चावलं का?” मी दारात उभं राहून पुकारलं, “कृपया लक्ष द्या. साडेसातला येणारे गृहस्थ दहा मिनिटं उशिराने आले आहेत.” ती हसली. हा आमचा रोजचा खेळ आहे.

गुरुवार, ६ तारीख

आज माती खाल्ली.

अकराच्या सुमारास एक बाई पळतच आत आली. टॉवेलमध्ये मांजर, टॉवेलवर रक्त. “डॉक्टर कुठायत, डॉक्टर?” एवढंच म्हणत होती. मी म्हटलं, “नमस्कार. आपले सहर्ष स्वागत आहे. कृपया आसनस्थ व्हावे.” ती माझ्याकडे बघतच राहिली, मग ओरडली. मी म्हटलं, “शांत व्हा.” त्यावर ती जास्तच ओरडली. आतून आमची मदतनीस ताई धावत आली (जनावरं धरणं, फरशी पुसणं, इंजेक्शनं मोजणं, सगळं तीच करते) आणि तिला आत घेऊन गेली. मांजर तिसऱ्या मजल्यावरून पडलं होतं. वाचलं. पाय मोडलाय.

दुपारी दुसरं. वहीत बघून मी सवयीने खड्या आवाजात पुकारलं, “कृपया लक्ष द्या. जुलाबाचं मांजर, आत यावे.” ते मांजर एका निवृत्त मुख्याध्यापिकेचं निघालं. बाई ताठ उठल्या, बास्केट उचलली आणि सगळ्या खोलीसमोर म्हणाल्या, “त्याला नाव आहे.”

भाची आतून आली. तिने फक्त टेबलावरचा पुठ्ठा काढून नेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

घरी बायको म्हणाली, “आलात?” मी तासभर गाऱ्हाणं सांगितलं. तिने ऐकलं. मशीनवर झाकण होतं, त्यामुळे शांतपणे बोलता आलं.

शनिवार, ८ तारीख

ताई वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण दवाखान्यात सगळे तिला ताईच म्हणतात, मीही. चहा पिताना मी विचारलं, परवा मी त्या बाईला म्हणायला काय हवं होतं? ती म्हणाली, “काही नाही. उठायचं. उठलात की तिला कळतं, तुम्हाला कळलं.”

मग म्हणाली, “मामा, कुत्रं आत आलं की मी काय करते बघा.” दिवसभर बघितलं. शेपटी हलवत आलं तर सरळ डोकं खाजवते. आखडून उभं राहिलं तर अंतर ठेवते, मालकाशी बोलते, त्याला तिचा वास घेऊ देते. दमलेल्याला हातसुद्धा लावत नाही, पाण्याचं भांडं पुढे सरकवते. घाबरलेल्यापुढे अंग तिरकं करून बसते, डोळ्यांत बघत नाही, हळू आवाजात एकच काहीतरी सांगत राहते. “कुत्रं दारातच सांगतं, मला कसं घ्यायचं ते. माणूस पण सांगतो. पहिल्याच वाक्याला. तुम्ही तेव्हा तुमचं वाक्य आठवत असता.”

खरं आहे. तीस वर्षांत मला उलट उत्तर कुणी दिलंच नाही. काचेच्या खोलीत बसून मी सांगायचो, खाली लोक धावायचे. कुणी वर बघून साधं ‘बरं’सुद्धा म्हटलं नाही. ऐकायची सवय लागणार कुठून?

माझ्या या वहीचे रकाने आजपासून बदलले. गाडीच्या जागी ‘कोण’, फलाटाच्या जागी ‘काय म्हणाला’, वेळेच्या जागी ‘कसं म्हणाला’. शेरा तोच.

मंगळवार, ११ तारीख

आजची सगळ्यात चांगली नोंद टॅक्सीवाल्याची. त्याचा कुत्रा चौदा वर्षांचा, पोटाचा आजार, दिवसाआड सलाईन लागतं. टॅक्सीवाला आत येतो तोच पट्टा टेबलावर आपटून: “काय मास्तर, गाडी वेळेवर ना?” आधी मी त्याला सांगायचो की मी मास्तर नव्हतो, उद्घोषक होतो. आज विचार केला, हा माणूस माहिती विचारत नाहीये, चेंडू टाकतोय. मी माइक धरल्यासारखी मूठ तोंडापुढे धरली आणि पुकारलं, “फलाट क्रमांक एकवर श्वानमहाराजांचं आगमन होत आहे. प्रवाशांनी आपापली मांजरं सांभाळावीत.” टॅक्सीवाला खो खो हसला. दोन वाक्यांचं काम होतं, मी उगाच आठवडाभर खुलासे देत बसलो.

लगेच पाठोपाठ मुख्याध्यापिका. अंगात वारं शिरलेलं, त्याच सुरात मी म्हटलं, “या या बाई, काय म्हणतोय आपला बोका?” त्या दारातच थांबल्या. “नमस्कार. माझी साडेदहाची वेळ ठरलेली आहे.” दुधात मीठ पडल्यासारखं झालं. मग सावरलो. उभा राहिलो. “नमस्कार बाई. साडेदहा, बरोबर. डॉक्टर पाच मिनिटांत मोकळ्या होतील. मागच्या गुरुवारी मी जे पुकारलं ते चुकलं, माफ करा. त्याचं नाव काय लिहू?” त्यांनी नाव सांगितलं. चष्मा नीट केला. जाताना म्हणाल्या, “आभारी आहे.” पूर्ण वाक्यात आलेल्याला पूर्ण वाक्यातच उत्तर द्यावं. थट्टा करायची असेल तर पहिली त्यांना करू द्यावी.

बायकोने माझ्या पांढऱ्या शर्टाचं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय. मी म्हटलं, नवी फॅशन का? ती म्हणाली, “असू द्या आता.” पूर्वी अशा बोलण्यावर मला चार ऐकायला मिळायची. वयाबरोबर माणूस मऊ होतो.

शुक्रवार, १४ तारीख

रुग्णालयातली एक नर्स येते, रात्रपाळी करून थेट इकडे. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला ससा. काउंटरपाशी येऊन नुसतं “हं” म्हणते. परवा मी तिला विचारलं होतं: काय होतंय, कधीपासून, खातो का, काय खातो, मागचा कागद आणलाय का? पाचव्या प्रश्नाला तिचे डोळे मिटले होते.

आज तीच आली. “हं.” मीही आवाज खाली घेतला, “बसा. कागद माझ्याकडे आहे.” खुर्ची भिंतीकडे वळवून दिली, म्हणजे दारातून येणारा उजेड डोळ्यांवर येणार नाही. जे विचारायचं होतं ते मागच्या नोंदीतून काढलं आणि एकच प्रश्न ठेवला, ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल: “कालचं औषध दिलं?” मान हलली. नंबर आल्यावर पुकारलं नाही, जवळ जाऊन सांगितलं. दमलेल्या माणसाला आपल्या उत्साहाचाही भार होतो, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

भाचीने जाताना विचारलं, “मामा, आज तुम्ही आजारी होतात का? आवाज नाही आला.” मी म्हटलं, नाही, कामात होतो.

घरी बायकोने औषधाची बाटली पुढे केली. “यावर काय लिहिलंय, वाचा जरा. माझा चष्मा आत आहे.” चष्मा तिच्या डोक्यावरच होता. आळशीपणाला काही औषध नाही, म्हटलं. वाचून दाखवलं.

सोमवार, १७ तारीख

नियम सापडला की मी तो ताणतो. जसं येईल तसं द्यायचं, असं ठरवलं होतं. आज एक गृहस्थ तणतणत आला. “पाऊण तास! पाऊण तास फोन लावतोय, कुणी उचलत नाही! काय दवाखाना आहे की धर्मशाळा?” मी त्याच पट्टीत म्हटलं, “मग धर्मशाळेत का आलात?” तीस वर्षांचा कसलेला आवाज आहे माझा. कोपऱ्यातला पोपटही गप्प झाला. गृहस्थ कुत्रं उचलून समोरच्या गल्लीत गेला.

भाची म्हणाली, “मामा, चौदा दिवस राहिलेत.”

ताईने मात्र समजावलं. “त्याची घाई घ्यायची मामा, राग नाही घ्यायचा.” म्हणजे काय, असं विचारल्यावर तिने करूनच दाखवलं. चटकन उभी राहिली, कागद ओढला, भराभर पण खाली आवाजात म्हणाली, “पाऊण तास फोन लावलात आणि कुणी उचलला नाही. चूक आमची. कुत्र्याला काय झालंय ते सांगा, मी आत्ता आत जाऊन विचारते. दोन मिनिटांत येऊन सांगते.” त्याचंच वाक्य त्याला परत दिलं, म्हणजे ऐकलं हे कळलं. मग एक काम, आणि ते किती वेळात होईल ते. ‘शांत व्हा’ नाही, ‘काळजी करू नका’ नाही. आणि दोन मिनिटं म्हटलं तर दोनच मिनिटांत परत यायचं, उत्तर मिळालं नसलं तरी.

मी म्हटलं, आगारात गाडीला उशीर झाला की आम्ही नुसतं ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ म्हणायचो. ताई म्हणाली, “मला माहीतेय. मी खाली उभी असायचे.”

बुधवार, १९ तारीख

तोच प्रयोग एका म्हातारबुवांवर केला. लंगडणारी शेळी घेऊन आले होते, रागाने थरथरत होते. मी उठलो, त्यांचं वाक्य परत म्हटलं, दोन मिनिटांत परत आलो. बुवा खुर्चीत बसले आणि रडायला लागले. राग नव्हताच तो, भीती होती. भीतीला रागाचा सदरा बरा बसतो. वहीत ‘कसं म्हणाला’ या रकान्यात आता मी दोन शब्द लिहितो, वरचा आणि आतला.

बायकोने शेजारणीचे पडदे न शिवताच परत पाठवले. म्हणाली, “नको वाटतं आताशा.” मी म्हटलं, छान, आराम कर. संध्याकाळी माझ्या पुकारण्यावर ती “हं” म्हणाली.

गुरुवार, २० तारीख

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

टॅक्सीवाला आला. “काय मास्तर, गाडी वेळेवर ना?” मी वाटच बघत होतो. आज खोली भरलेली होती, प्रेक्षक होते. मूठ तोंडापुढे धरली आणि श्वानमहाराजांची पूर्ण सवारी पुकारली, तुतारीच्या आवाजासकट. सगळे हसले. टॅक्सीवालाही हसला, पण सगळ्यांच्या नंतर. मग आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तो रिकामा पट्टा घेऊन.

त्याने काल भाचीला फोनवर सांगून ठेवलं होतं की आता कुत्र्याचे हाल बघवत नाहीत, कायमच्या झोपेचं इंजेक्शन द्या. मला माहीत नव्हतं, हे मी भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “टेबलावरच्या नावांच्या वहीत लिहिलं होतं मी.” लिहिलं होतं. मी सकाळी ती वहीच बघितली नव्हती, तुतारीचा सराव करत होतो.

आणि वही नसती तरी दिसायला हवं होतं. पट्टा आपटला नाही, हातात गुंडाळलेला होता. कुत्रा चालत नव्हता, त्याच्या स्वतःच्या स्वेटरमध्ये गुंडाळून उचललेला होता. आणि विचारल्यावर त्याने उत्तराची वाट बघितली नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता. शब्द तेवढे रोजचे होते. मी शब्दांनाच उत्तर दिलं.

मला माझी लाज वाटते.

सोमवार, २४ तारीख

साडेबाराला, गर्दी सरल्यावर, टॅक्सीवाला आला. एकटाच. मला वाटलं भाचीकडे तक्रार करायला आला असेल. दारात उभा राहिला आणि अगदी हळू म्हणाला, “काय मास्तर, गाडी वेळेवर ना?”

मनात तीन उत्तरं आली. एक, तुतारीचं, ते गिळलं. दुसरं, ‘फार वाईट झालं हो’. पण हा माणूस जुनंच वाक्य घेऊन आला होता. मी एकदम गंभीर झालो असतो तर त्याचा हात सोडल्यासारखं झालं असतं. तिसरं, नुसती माफी. ती माझ्या मनाचं ओझं उतरवायला होती, त्याच्या नाही. ती नंतर.

मी टेबलामागून उठून बाहेर आलो. मूठ धरली नाही. त्याच्याइतक्याच हळू म्हटलं, “वेळेवर आहे. पण आज घाई नाही. बसा.”

तो बसला. मी शेजारच्या खुर्चीत. बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मीही बोललो नाही, हे माझ्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटणार नाही. मग त्याने सांगायला सुरुवात केली: कुत्रा टॅक्सीत पुढच्या सीटवर बसायचा, गिऱ्हाइकं तक्रार करायची, हा गिऱ्हाईक सोडायचा पण कुत्र्याला मागे बसवायचा नाही. अर्धा तास सांगत होता. शेवटी मी म्हटलं, “परवा मी जे केलं, त्याची माफी मागायची आहे.” तो म्हणाला, “नका मागू. मीच मुद्दाम तसं म्हटलं. वाटलं, आजचा दिवस रोजच्यासारखा जावा.” थोडं थांबून म्हणाला, “तुतारी जरा जास्त होती पण.” आणि दोघेही हसलो. तो डोळे पुसत हसला.

भाची आतल्या दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. म्हणाली, “मामा, एक तारखेपासून किल्ली तुमच्याकडेच ठेवा. सकाळी तुम्हीच उघडा.”

तरंगत घरी निघालो. ही बातमी कशी पुकारायची याची जुळवाजुळव करत जिना चढलो, दार उघडलं, मूठ तोंडाशी नेली.

बायको म्हणाली, “आलात?”

खोलीत दिवा नव्हता. ती मशीनपुढे बसली होती, झाकण घातलेल्या. मूठ तशीच खाली आली. तो एक शब्द मी पस्तीस वर्षं ऐकतोय, आणि आज पहिल्यांदा त्याच्या आत काय आहे ते ऐकू आलं. मी पिशवी ठेवली, चपला काढल्या, तिच्या स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. म्हटलं, “आलो.”

पुढे काही विचारलं नाही. पाच मिनिटं गेली असतील. मग ती म्हणाली, “सुई ओवता येत नाही हो मला. तीन आठवडे झाले. सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. तुम्ही एवढे खुशीत होतात नव्या कामात, म्हटलं कशाला.”

ती झोपल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. झाकलेलं मशीन. सुईत आधीपासून राहिलेला निळा दोरा. डोक्यावरचा चष्मा. परत गेलेले पडदे. ‘हं’. सगळं माझ्याच अक्षरात, तारीख घालून लिहिलेलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, आळशीपणा. तो शब्द खोडला. आळस खरा कुणाचा होता ते खाली लिहिलं: माझा.

गुरुवार, २७ तारीख

डोळ्यांच्या रुग्णालयात जाऊन आलो. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, “अहो, हिला दिसत नाहीये नीट.” माझा आवाज चढला होता. पलीकडचा माणूस पुठ्ठ्याकडे बघून म्हणाला, “नमस्कार. आपले स्वागत आहे. टोकन घ्या.” बायको फस्सकन हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मला त्या माणसाचा राग आला नाही, उलट जाऊन गळ्यात पडावंसं वाटलं.

मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले, साधी शस्त्रक्रिया आहे, पुढच्या शुक्रवारी उजवा करू. रिक्षात बसलो. मी ‘काही काळजी करू नकोस’ म्हणणार होतो, पण ताई आठवली. विचारलं, “कशाची भीती वाटते?” म्हणाली, “डोळा उघडा ठेवून करतात म्हणे.” मग रिक्षा परत वळवून डॉक्टरांना तेवढंच विचारून आलो आणि तिला सांगितलं: थेंब घालून बधिर करतात, उजेड दिसतो, सुरी दिसत नाही, पंधरा-वीस मिनिटं. ती म्हणाली, “हं.” हा ‘हं’ जरा बरा होता.

शुक्रवार, ४ तारीख

सकाळी दवाखाना उघडून ताईच्या हवाली केला आणि हिला घेऊन रुग्णालयात गेलो. टॅक्सीवाल्यानेच सोडलं. पुढची सीट रिकामी होती, तिथे त्याने हिला बसवलं.

साडेनऊला हिला आत न्यायला आले. हिरवा झगा, डोक्यावर टोपी, उजव्या भुवईवर पेनाची खूण. चाकाची खुर्ची दारापाशी थांबली. हिने मान वळवली, पण मी नेमका कुठे उभा आहे ते हिला दिसलं नाही. मोठ्या ऐटीत म्हणाली, “काय मास्तर, गाडी वेळेवर ना?”

टॅक्सीवाल्याचं वाक्य मीच हिला सांगितलं होतं. ऐट वरची होती. खुर्चीच्या दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती.

मी खाली वाकलो. मूठ तोंडापुढे धरली, कारण हिने खेळ मागितला होता. आणि आवाज मात्र फक्त हिच्या कानापुरता ठेवला. “कृपया लक्ष द्या. गाडी वेळेवर आहे. परतीची गाडी दहा वाजता याच दारातून येईल. फलाटावर मी उभा आहे, कुठेही जाणार नाही.”

तिने दांडा सोडला, माझा हात चाचपून धरला आणि म्हणाली, “बरं.”